गोळीमुळे माणूस गेला, की जास्त आजारी होता म्हणून त्याला गोळी मिळाली?



आपल्या वस्तीत काही वाक्ये वर्षानुवर्षे ऐकू येतात. "इन्सुलिन सुरू झालं की माणूस फार दिवस राहत नाही." "ऑक्सिजन लावला म्हणजे संपलंच." ही वाक्ये बोलणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांनी तसे डोळ्यांनी पाहिलेले असते. पण पाहिलेल्या गोष्टीतून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. अशी चूक फक्त आपल्याकडूनच होते असे नाही. मोठमोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासांतही ती झाली आहे. त्यातलेच एक उदाहरण आम्ही या वेळच्या आरोग्य पानावर घेतले आहे.

निमित्त घडले ते आमच्याच वस्तीतले. एका काकांच्या हृदयाचे पंपिंग कमी झाले होते. सरकारी दवाखान्यातून त्यांना लघवी होण्याची गोळी, इतर दोन-तीन औषधे आणि डिगॉक्सिन नावाची एक छोटी गोळी चालू होती. पुतण्याने मोबाईलवर वाचले की डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त होतात. घरच्यांनी घाबरून ती गोळी बंद केली आणि डॉक्टरांना काही सांगितले नाही. काही आठवड्यांनी काकांच्या पायांवर सूज आली आणि रात्री आडवे झाले की दम लागू लागला. रविवारी वंदनेनंतर काकूंनी आम्हाला विहारात विचारले, "मग त्या मोबाईलवरचं खोटं होतं का?"

खोटे नव्हते. असे अभ्यास खरोखर आहेत. पण त्यांचा अर्थ तसा होत नाही. का ते आधी एका साध्या हिशेबाने पाहू.

समजा, हृदयाचे पंपिंग कमी झालेले 200 रुग्ण आहेत. त्यातले 100 फार आजारी आहेत आणि 100 थोडे आजारी. फार आजारी असलेल्या 100 जणांपैकी काही वर्षांत 40 दगावतात आणि थोड्या आजारी 100 पैकी 10 दगावतात. आता अशी एक गोळी घ्या की जिच्यामुळे आयुष्य वाढतही नाही आणि घटतही नाही. डॉक्टर ही गोळी कोणाला देतील? ज्यांना जास्त त्रास आहे त्यांना. म्हणून फार आजारी 100 पैकी 80 जणांना गोळी मिळाली आणि थोड्या आजारी 100 पैकी फक्त 20 जणांना.

गोळी घेणारे एकूण 100 झाले. त्यातल्या 80 फार आजारी रुग्णांपैकी 32 जातील, 20 थोड्या आजारी रुग्णांपैकी 2 जातील. एकूण 34 मृत्यू. गोळी न घेणारेही 100 आहेत. त्यात 20 फार आजारी, त्यातले 8 जातील. 80 थोडे आजारी, त्यातलेही 8 जातील. एकूण 16 मृत्यू.

एकीकडे 34, दुसरीकडे 16. वरवर पाहणारा म्हणेल की गोळीने मृत्यू दुप्पट केले. पण आपण तर गोळी काहीच करत नाही असे धरूनच हिशेब मांडला होता! हा फरक गोळीने आणलेला नाही. गोळी कोणाला द्यायची हे ठरवण्यातून तो आला. औषध देण्यामागच्या कारणाला डॉक्टर 'इंडिकेशन' म्हणतात. ते कारण, म्हणजे आजाराची तीव्रता, आणि औषधाचा परिणाम यांची सरमिसळ झाली. या गल्लतीला इंग्रजीत 'कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन' असे नाव आहे.

ही गल्लत ओळखण्याचा पहिला मार्ग म्हणजे सारख्याची सारख्याशी तुलना करणे. आपल्या हिशेबात फार आजारी रुग्ण वेगळे काढा. गोळी घेणारे असोत वा नसोत, 100 मागे 40 च जातात. थोड्या आजारी रुग्णांतही दोन्हीकडे 100 मागे 10. फरक नाहीसा झाला.

खऱ्या अभ्यासात मात्र हे इतके सोपे नसते. संशोधक दवाखान्याच्या नोंदी बघतात. त्यात वय, रक्तदाब, साखर, पंपिंगचा आकडा लिहिलेला असतो. पण डॉक्टरने समोरच्या माणसाकडे पाहून जे ओळखले, ते सगळे कागदावर येत नाही. जिना चढताना तो किती वेळा थांबला, रात्री किती उशा लागतात, चेहरा किती ओढलेला आहे, यावरून डॉक्टर ठरवतात की आता आणखी एक गोळी लागेल. जे नोंदीतच नाही, ते हिशेबातून वेगळे काढता येत नाही. त्यामुळे कितीही काळजीपूर्वक तुलना केली तरी थोडी गल्लत उरतेच.

म्हणून दुसरा मार्ग वापरतात, तो चिठ्ठी टाकण्याचा. कोणाला औषध मिळेल हे डॉक्टरने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकावी तसे ठरवायचे. मग दोन्ही गटांत फार आजारी आणि थोडे आजारी साधारण सारखेच येतात. नोंदीत नसलेल्या गोष्टीही दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात. दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देतात. कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही.

डिगॉक्सिनची अशी मोठी चाचणी अमेरिका आणि कॅनडात झाली. तिचा निकाल 1997 साली छापला गेला. पंपिंग कमी असलेले 6,800 रुग्ण त्यात होते आणि सरासरी तीन वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. डिगॉक्सिन मिळालेल्या गटात 100 मागे 34.8 रुग्ण दगावले. रिकामी गोळी मिळालेल्या गटात 35.1. म्हणजे मृत्यूंत फरक नाही. पण हृदयाचा आजार बळावून दवाखान्यात भरती व्हावे लागलेले रुग्ण रिकाम्या गोळीच्या गटात 100 मागे जवळपास 35 होते, तर डिगॉक्सिनच्या गटात 27 च्या आसपास. ही गोळी आयुष्य वाढवत नाही, पण दवाखान्याची फेरी टाळायला मदत करते, असा त्याचा अर्थ.

2015 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डिगॉक्सिनवरचे अनेक अभ्यास एकत्र मांडले गेले. त्यात सहा लाखांहून जास्त रुग्ण होते. तिथले आकडे एखाद्या जिन्यासारखे खाली उतरत जातात. गोळी न घेणाऱ्यांत 100 मृत्यू होतात असे धरा. नुसत्या नोंदी बघितल्या, काही जुळवाजुळव केली नाही, तर तेवढ्याच गोळी घेणाऱ्यांत 176 मृत्यू दिसतात. वय, इतर आजार वगैरेंचा हिशेब धरला की 161. एकमेकांशी शक्य तितक्या सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून पाहिले की 118. आणि चिठ्ठी पद्धतीच्या चाचण्यांत 99, म्हणजे फरकच नाही. तुलना जितकी न्याय्य होत गेली, तितका गोळीवरचा ठपका कमी होत गेला. अशी उतरण दिसली की समजावे, दोष बराचसा आजाराच्या तीव्रतेचा आहे.

त्याच 1997 च्या चाचणीतली एक गोष्ट 2019 साली पुन्हा तपासली गेली, ती तर डोळे उघडणारी आहे. चाचणीत येण्याआधीच 100 पैकी सुमारे 44 रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी डिगॉक्सिन दिलेले होते. हे रुग्ण पुढे जास्त दगावले. चिठ्ठीत त्यांना खरी गोळी मिळो वा रिकामी, त्यांचा धोका जास्तच राहिला. म्हणजे धोका गोळीत नव्हता. ज्याला डॉक्टरने आधीच गोळी दिली होती, तो रुग्ण मुळातच जास्त आजारी होता.

पण याचा उलटा अर्थही काढू नका. 'आजार जास्त होता म्हणून' एवढे म्हणून प्रत्येक औषध निर्दोष ठरत नाही. काही औषधे खरोखर घातक निघाली आहेत, आणि तेही चांगल्या चाचण्यांतूनच कळले. 1997 च्या या चाचणीतले रुग्णही हृदयाचे ठोके नियमित असलेले होते. ज्यांचे ठोके अनियमित आहेत किंवा ज्यांची झडप खराब आहे, त्यांच्यासाठी हेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय डिगॉक्सिन हे मोजून घेण्याचे औषध आहे. लागणारे प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर फार कमी आहे. मूत्रपिंड कमजोर असेल, जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, किंवा लघवीच्या गोळीने पोटॅशियम कमी झाले असेल तर नेहमीचे प्रमाणही जास्त होऊ शकते. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, उलटी, वस्तू पिवळसर दिसणे, नाडी फार मंद होणे, माणूस बरळू लागणे, यातले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.

बुद्धांनी कालाम लोकांना सांगितले होते की केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. आम्ही म्हणतो, केवळ त्यात आकडे आहेत म्हणूनही मानू नका. 'हे औषध घेणारे जास्त दगावले' असे कोणी म्हटले की तीन प्रश्न विचारा. ते औषध कोणाला आणि का दिले गेले होते? कोणाला द्यायचे हे डॉक्टरने ठरवले होते की चिठ्ठीने? सारख्या आजाराच्या माणसांची तुलना केल्यावर फरक तेवढाच राहतो की कमी होतो?

इन्सुलिनचेही हेच आहे. पुष्कळ वेळा गोळ्यांनी साखर आटोक्यात येईनाशी झाली, मूत्रपिंड किंवा डोळ्यांवर परिणाम होऊ लागला, की मग ते सुरू होते. ऑक्सिजन तर श्वास अपुरा पडू लागला तेव्हाच लावतात. आपण मृत्यू बघतो आणि शेवटी आलेले औषध बघतो. त्याआधी आलेला आजार मात्र नजरेतून सुटतो.

काकांना घरच्यांनी दवाखान्यात नेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रक्त तपासून मूत्रपिंड आणि पोटॅशियम पाहिले, नाडी मोजली आणि गोळी पुन्हा सुरू केली. काकूंनी मोबाईलवरचा तो मजकूर त्यांना दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वेळी हे वाचलं की गोळी बंद करायच्या आधी इथे या." आमचेही सांगणे एवढेच आहे. शंका आली तर ती दाबू नका. पण गोळी बंद करायच्या आधी ती शंका डॉक्टरसमोर मांडा.