क्लिकमागचा किरण

संगणकावरच्या युद्धखेळात आपण एका सैनिकावर क्लिक करतो आणि त्याच्या पायाशी हिरवं वर्तुळ उमटतं. पण माउसला ठाऊक असतात दोनच आकडे: डावीकडून किती आणि वरून किती. सैनिक तर खोली असलेल्या जगात उभा आहे. मग तो सापडतो कसा?

खिडकीच्या काचेवर बोट टेकवा आणि एक डोळा मिटा. डोळ्यापासून बोटाच्या टोकातून निघालेली सरळ रेष बाहेरच्या एखाद्या झाडाला जाऊन भिडते. खेळातला कॅमेरा म्हणजे डोळा, पडदा म्हणजे काच आणि ती रेष म्हणजे किरण.

समजा, पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा आहे आणि क्लिक डावीकडून १४४०, वरून २७० वर झालं. मध्य शून्य आणि कडा एक धरल्या, तर हा बिंदू अर्धा उजवीकडे, अर्धा वर येतो. कॅमेऱ्याच्या नजरेचा उभा कोन ९० अंश असेल, तर किरण १० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर आणि सुमारे ८.९ मीटर उजवीकडे सरकतो.

प्रत्येक सैनिकाभोवती एक अदृश्य गोल कल्पिलेला असतो. त्याच्या केंद्रापासून किरणाचं अंतर त्रिज्येपेक्षा कमी भरलं, की किरण लागला. दोघांना लागला, तर कॅमेऱ्याजवळचा निवडायचा.

इथे एक चूक हमखास होते. माउस वरून खाली मोजतो, कॅमेरा खालून वर. चिन्ह उलटवायचं राहिलं, तर पडद्याच्या मध्यावर सगळं बिनचूक चालतं. पण वरच्या सैनिकावर क्लिक केलं की खालचा निवडला जातो.