इंटिग्रेशनला दहा दिवस

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात 90 मिनिटांत 50 प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. बहुतेक प्रश्न बारावीचे, आणि बारावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातली पहिली सहा प्रकरणं कॅल्क्युलसची. चार आठवडे उरले की मुलं पहिल्या पानापासून उजळणीला बसतात आणि इंटिग्रेशन येईतो दिवस संपतात. त्यापेक्षा 28 दिवस सहा, दहा, सहा, सहा असे तोडा.

पहिले सहा दिवस डेरिव्हेटिव्ह आणि त्याचे उपयोग. रोज सकाळी पुस्तक मिटून सूत्रं लिहून काढा. कुठे पेन अडकलं तर तेच सूत्र पुढे इंटिग्रेशनमध्ये उलट्या बाजूने अडवणार.

नंतरचे दहा दिवस फक्त इंटिग्रेशनचे. इथे चूक आकडेमोडीत कमी, गणित ओळखण्यात जास्त होते. ∫ x eˣ/(1+x)² dx हे उदाहरण घ्या. मुलगा लगेच 'बाय पार्ट्स' सुरू करतो. निवड जमली तर सुटतं, नाहीतर पान भरतं. थांबून वरच्या x ऐवजी (1+x)−1 लिहिलं की 1/(1+x) − 1/(1+x)² मिळतं. दुसरं पद पहिल्याचंच डेरिव्हेटिव्ह! eˣ[f(x)+f′(x)] चं उत्तर eˣf(x), म्हणून इथे eˣ/(1+x)+C. दोन ओळींत काम झालं. म्हणून या दिवसांत रोज वीस गणितं घ्या, पण आधी न सोडवता प्रत्येकापुढे फक्त पद्धत लिहा: सब्स्टिट्यूशन, पार्शल फ्रॅक्शन की आणखी काही. मगच सोडवा. पद्धत चुकलेली गणितं वेगळ्या वहीत उतरवा आणि तीन दिवसांनी उत्तर न बघता पुन्हा करा.

तिसरा टप्पा डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन्सचा. इथला नेहमीचा खड्डा म्हणजे सब्स्टिट्यूशननंतर लिमिट्स बदलायचं विसरणं. 2x/(1+x²) चं 1 ते 2 इंटिग्रेशन करताना t = 1+x² घेतलं, तर लिमिट्स 2 ते 5 होतात आणि उत्तर log(5/2) येतं. जुन्याच ठेवल्या तर log 2 येतं, आणि पेपर काढणारा तो पर्याय ठेवायला विसरत नाही.

शेवटचे सहा दिवस रोज एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, शक्यतो संगणकावर, कारण परीक्षाही तिथेच असते. नवं प्रकरण उघडू नका. दुपारी चुकांची वही घ्या. दोन मिनिटांत सुरुवात सुचली नाही तर प्रश्न सोडून पुढे जा. इनडेफिनिट इंटिग्रेशन अडलंच तर पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून पाहा, पुष्कळदा ते सोपं पडतं. आणि या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.