‘टू’ दिसला की मूळ क्रियापद? गाळलेल्या जागेत इथेच जातो मार्क

अहिल्यानगर : ‘आय लुक फॉरवर्ड टू ___ (सी) यू.’ कंसातल्या क्रियापदाचे योग्य रूप भरा, एवढाच प्रश्न. पाथर्डी असो की अकोले, बरीच मुले इथे ‘सी’ लिहून मोकळी होतात. बरोबर उत्तर आहे ‘सीइंग’.

यात पोरांचा आळस नाही. लहानपणापासून ‘वॉन्ट टू सी’, ‘लाइक टू प्ले’ घोकलेले असते, त्यामुळे ‘टू’ दिसला की हात आपोआप मूळ क्रियापद लिहितो. पण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक क्रियापदालाच चिकटलेला. दुसरा शब्दयोगी अव्यय, म्हणजे इन, ऑन, फ्रॉम यांच्या भावकीतला. या भावकीच्या पुढे नामच लागते. क्रियापदाला तिथे बसायचे तर आयएनजी लावून नाम व्हावे लागते. त्यालाच जेरंड म्हणतात.

हे आपल्या मराठीत रोजचेच आहे. ‘शिकण्यात रस आहे’ म्हणताना आपण आधी ‘शिकणे’ हे नाम करतो, मग त्याला प्रत्यय लावतो. ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’ तसेच. ‘पावसाने आम्हाला कांदा काढण्यापासून रोखले’ याचे ‘द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम हार्वेस्टिंग ओनियन्स’ होते. इथे ‘पासून’ आणि ‘फ्रॉम’ सरळ जुळतात.

मात्र दर वेळी जुळतीलच असे नाही. ‘पैसे देण्याचा आग्रह धरला’ याचे ‘इन्सिस्टेड ऑन पेइंग’ होते. ‘चा’वरून ‘ऑन’ कोणाला सुचणार? मराठीवरून आयएनजी कळेल, पण अव्यय कोणते ते नाही. ते क्रियापदासोबतच पाठ करावे लागते.

आता राहिला ‘टू’चा घोळ. त्याला सोपी परीक्षा आहे. गाळलेल्या जागेत ‘इट’ किंवा एखादे नाम घालून बघायचे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालते, म्हणजे हा अव्ययाचा ‘टू’, आयएनजी लावा. ‘आय वॉन्ट टू इट’ म्हणजे ‘मला ते हवे’ असे होत नाही, म्हणून तिथे ‘सी’च.

हीच परीक्षा ‘यूज्ड टू’ला कामी येते, कारण तिथे दोन्ही रूपे सापडतात. ‘ही यूज्ड टू मिल्क काऊज’ म्हणजे तो पूर्वी गाई पिळायचा, आता नाही. ‘ही इज यूज्ड टू मिल्किंग काऊज’ म्हणजे त्याला धार काढायची सवय आहे. ‘ही इज यूज्ड टू इट’ चालते, ‘ही यूज्ड टू इट’ म्हणजे ‘त्याला त्याची सवय आहे’ असे होत नाही. एका ‘इज’ने अर्थ बदलतो, म्हणून गाळलेल्या जागेच्या आधी काय छापलंय ते नीट वाचायचे.

बारावीनंतर हे रूप पुन्हा भेटते ते नोकरीच्या अर्जात. शेवटची ओळ ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. तिथे ‘हिअर’ राहिले, तर मार्क कापायला कोणी नसते. वाचणारा मात्र चूक पाहतो आणि बोलत नाही.