रात्रभर डॉकमध्ये, तरी सकाळी रिकामे

चार्जिंगच्या श्रवणयंत्राच्या तळाशी बारीक धातूचे ठिपके असतात आणि डॉकच्या खाचेतही तसेच. वीज त्यांतूनच जाते. घामातले क्षार आणि कानातला मळ त्यांवर साचला की यंत्र डॉकमध्ये बसूनही दिवा लागत नाही.

समजा, उजव्या यंत्राचाच दिवा लागत नाही. डॉकच्या खाचा अदलाबदल करण्याजोग्या असल्यास ते डाव्या खाचेत ठेवावे. तिथे दिवा लागला तर दोष उजव्या खाचेत, नाही लागला तर यंत्रात. डॉकचा प्लग काढून दोन्हीकडचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसावेत, पाणी नको. काही यंत्रांत ठिपकेच नसतात, तिथे यंत्र खाचेत नीट बसले की नाही एवढेच पाहायचे.

कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणाही नडतो. त्यावर उपाय सिलिका जेलची कोरडी डबी. केस वाळवण्याचा ड्रायर मात्र लिथियम बॅटरीला घातक. इथेच एक गफलत होते. डॉकमध्ये यंत्र आपोआप बंद होते, डबीत होत नाही. बटण दाबून बंद न केलेले यंत्र रात्रभर चालूच राहते आणि सकाळी दोष बॅटरीला मिळतो. म्हणून आधी बंद करून काही तास डबीत, मग डॉकमध्ये. चार-पाच वर्षांच्या यंत्राची बॅटरी मात्र खरोखरच थकलेली असू शकते.