एन.सी.चा कागद : दखलपात्र आणि अदखलपात्र (लेखांक ९)

मारहाणीची तक्रार देऊन पोलीस ठाण्याबाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात दोनपैकी एक कागद असतो. एकावर गुन्हा रजिस्टर नंबर असतो, तो एफआयआर. दुसऱ्यावर एन.सी. नंबर असतो आणि खाली बहुधा एक ठरलेलं वाक्य असतं : ‘फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.’ घरी आल्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘नुसती एन.सी. घेतली? म्हणजे पोलिसांनी दाबलं.’ कधी ते खरं असतं. पण पुष्कळदा हवालदाराने कायदा सांगतो तेवढंच केलेलं असतं. यातलं कोणतं खरं, हे तो कागद वाचूनच ठरवता येतं, आणि त्यासाठी दखलपात्र व अदखलपात्र या दोन रकान्यांची ओळख हवी.

रकाने म्हणालो ते शब्दशः. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या शेवटी पहिली अनुसूची म्हणून एक लांबलचक तक्ता आहे. भारतीय न्याय संहितेतल्या प्रत्येक गुन्ह्यापुढे शिक्षा किती, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र आणि खटला कुठल्या कोर्टात चालायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. गुन्हा दखलपात्र असेल तर पोलीस कोर्टाला न विचारता गुन्हा नोंदवून तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र असेल तर कलम १७४ त्यांना मुख्यतः दोन कामं सांगतं : तक्रारीचा गोषवारा वहीत लिहून घ्या आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवा. त्यांच्या आदेशाशिवाय तपास करायचा नाही. साक्षीदारांचे जबाब नाहीत, पंचनामा नाही, अटकेचा तर प्रश्नच नाही.

आता हा तक्ता शेताच्या बांधावर नेऊन पाहू. समजा, दोन चुलतभावांची जमीन लागून आहे. पेरणीच्या आधी एकाच्या ट्रॅक्टरने बांध कोरला, दुसऱ्याने हटकलं. शिवीगाळ झाली, दोन ठोसे बसले, ‘पुन्हा इकडे दिसलास तर बघून घेईन’ असा दम मिळाला. ओठ फुटलेला भाऊ ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार त्याला मेडिकल यादी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवतो. साधी दुखापत, असा दाखला येतो.

भारतीय न्याय संहितेप्रमाणे साध्या दुखापतीला कलम ११५(२) लागतं, शिक्षा एक वर्षापर्यंत. शिवीगाळीला ३५२ आणि धमकीला ३५१(२), दोन्हींना दोन वर्षांपर्यंत. तिन्ही कलमं तक्त्यात अदखलपात्र आहेत. इथे एन.सी. झाली तर अंमलदाराने काही दाबलं असं म्हणता येणार नाही.

पण त्याच भांडणात एखादा तपशील बदलला की रकाना बदलतो. ठोशाने दात मोडला किंवा बोटाचं हाड मोडलं, तर ती जबर दुखापत. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. हाड शाबूत आहे, पण जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला रोजची कामं करता आली नाहीत, तरीही ती जबर दुखापतच ठरते. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. ठोशाऐवजी कोयता किंवा कुऱ्हाड चालली, तर जखम किरकोळ असली तरी ११८(१) लागून गुन्हा दखलपात्र होतो. काठीबद्दल मात्र वाद होतो, कारण ती ज्या तऱ्हेने वापरली त्यात जीव जाण्याची शक्यता होती का, हे पाहावं लागतं. आणि तोच भाऊ मारण्यासाठी ओसरी ओलांडून घरात शिरला असेल तर गृह-अतिक्रमण, ३२९(४), हेही दखलपात्र.

या तक्त्यात शिक्षेचा आकडा आणि रकाना यांचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही, आणि लोकांचा इथेच गोंधळ होतो. एखाद्याची वाट अडवणं, म्हणजे कलम १२६(२), याला जास्तीत जास्त एक महिन्याची साधी कैद आहे, तरी तो गुन्हा दखलपात्र. जिवे मारण्याची धमकी, ३५१(३), सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तक्त्यात ती अदखलपात्र. पती किंवा पत्नी हयात असताना दुसरं लग्न करण्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तोही अदखलपात्र. यामागचा विचार साधारण असा दिसतो : वाट अडवली तर पोलिसाने आत्ता, जागेवर येऊन काही करणं उपयोगाचं आहे. तोंडी धमकीत किंवा संसारातल्या तक्रारीत पोलीस थेट घुसले तर खऱ्या-खोट्याची शहानिशा होण्याआधीच एकाची बाजू घेतल्यासारखं होतं, म्हणून आधी न्यायाधीशाने पाहावं. धमकीच्या बाबतीत मला हा विचार पटत नाही. सात वर्षांची शिक्षा ठेवायची आणि पोलिसाला तपासही करू द्यायचा नाही, हे विचित्रच आहे.

इतर कायद्यांतले गुन्हे कुठे बसतात, हे तक्त्याचा दुसरा भाग सांगतो. त्या कायद्यात वेगळं काही म्हटलं नसेल तर तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे दखलपात्र, तीन वर्षांच्या आतले किंवा नुसत्या दंडाचे अदखलपात्र.

पुन्हा बांधावर येऊ. तक्रार लिहून देताना ‘मी घरी निघालो होतो, त्याने वाट अडवली आणि मारलं’ असं वाक्य आलं, तर अंमलदाराचे कान टवकारतात. कारण कलम १७४(४) म्हणतं की एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र मानायचं. म्हणजे वाट अडवण्याच्या एका महिन्याच्या गुन्ह्यामागून ठोसे, शिव्या, दम सगळं एफआयआरमध्ये येतं. वकिलांना हे पाठ असतं. म्हणूनच मारामारीच्या पुष्कळ फिर्यादींत ‘रस्ता अडवून’ हे दोन शब्द हटकून सापडतात. ते खरे असतील तर लिहिलेच पाहिजेत. खोटे असतील तर उलटतपासणीत फिर्यादीची पंचाईत होते. शिवाय शेतातल्या खासगी वाटेबाबत कायद्याने अपवाद ठेवला आहे : ती अडवण्याचा आपल्याला हक्क आहे असं अडवणारा प्रामाणिकपणे मानत असेल, तर तो गुन्हाच होत नाही. बांधाच्या वादात हा बचाव बहुतेक वेळा पुढे येतो.

उलटा खेळही चालतो. ठाण्याच्या हद्दीतला गुन्ह्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून दखलपात्र प्रकरण एन.सी.त बसवलं जातं. ओळखायचं कसं? कागदावरची कलमं आणि आपण सांगितलेली हकीकत शेजारी ठेवून वाचा. तुम्ही कोयत्याचा उल्लेख केला आणि कागदावर नुसतं ११५(२) आहे, किंवा एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघूनही जुनीच एन.सी. कायम आहे, तर ते चुकलेलं आहे. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. तेव्हा फ्रॅक्चरचा दाखला आला की तो ठाण्यात देऊन गुन्हा दाखल करायची लेखी मागणी करावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, आणि तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज, असा क्रम आहे. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज त्याच कारणावर अडकतात.

आणि एन.सी. बरोबरच असेल तर? तरी ते प्रकरण संपलेलं नसतं. इथून दोन वाटा आहेत. एक, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून १७४(२) खाली तपासाचा आदेश मिळवायचा. आदेश मिळाला की पोलीस जबाब घेऊ शकतात, पंचनामा करू शकतात, फक्त वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. दुसरी, स्वतःच कोर्टात खासगी फिर्याद दाखल करायची. मग फिर्यादी आणि त्याच्या साक्षीदारांची शपथेवर तपासणी होते, आणि नव्या संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते. नव्या संहितेने आणखी एक गोष्ट आणली आहे : अदखलपात्र प्रकरणांचा दैनंदिनीतला अहवाल पोलिसांनी दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. पण तो गेला म्हणजे आपलं प्रकरण कोर्टात सुरू झालं, असं समजू नका.

इथे एक घड्याळही चालू असतं. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची फिर्याद कोर्टात एक वर्षाच्या आत दाखल व्हायला हवी, एक ते तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याची तीन वर्षांत. म्हणजे एन.सी.वर फक्त ११५(२) असेल तर हातात एकच वर्ष. ३५२ किंवा ३५१(२) सोबत असेल तर मोठ्या शिक्षेचा हिशेब धरून तीन वर्षं. उशीर समजावून सांगता आला तर कोर्ट माफ करू शकतं, पण ‘एन.सी. केली होती, वाटलं पोलीस बघतील’ हे कारण फारसं चालत नाही.

व्यवहारात मात्र गावातल्या एन.सी.चा शेवट बरेचदा वेगळाच होतो. तपास करता येत नाही, पण भांडण पुन्हा पेटायची धास्ती असते, म्हणून पोलीस प्रतिबंधक कारवाईकडे वळतात. दोन्ही भावांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे बोलावून, शांतता राखू अशा बंधपत्रावर सह्या घेतात. यालाच बोलीत चॅप्टर केस म्हणतात. मार खाल्लेला भाऊ चिडतो, ‘मीच मार खाल्ला आणि मलाच चॅप्टर?’ त्याचा राग रास्त आहे. पण ही कारवाई झाल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, आणि ठोशांबद्दलची त्याची तक्रार तिच्यामुळे निकालातही निघत नाही. तिच्यासाठी त्याला कोर्टाचा दरवाजा ठोठावावाच लागतो.

एक गैरसमज उरतो. दखलपात्र गुन्हा म्हणजे अटक ठरलेलीच, असं नाही. पोलिसांना अटकेचा अधिकार मिळतो, पण तो वापरायलाच हवा असं बंधन नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, याची कारणं त्यांना नोंदवावी लागतात, एरवी कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं असतं. बोट मोडलेल्या भावाचा एफआयआर झाला तरी दुसरा भाऊ संध्याकाळी पारावर दिसू शकतो, आणि त्यात पोलिसांनी पैसे खाल्ले असं समजायचं कारण नाही. जबर दुखापतीचा हा गुन्हा दखलपात्र असूनही जामीनपात्र आहे. तक्त्यातला हा पुढचा रकाना पुढच्या आठवड्यात पाहू.