रजेच्या अर्जात काय विचारावे?

गडचिरोलीतल्या लहान संस्थेने रजेचा अर्ज बेतताना नाव, हुद्दा, रजेचा प्रकार आणि तारखा हे रकाने ठेवायचेच. खरी गरज आहे ती ‘प्रत्यक्ष रुजू झाल्याची तारीख’ या वेगळ्या रकान्याची. समजा, भामरागडच्या कर्मचाऱ्याने जुलैत तीन दिवसांची किरकोळ रजा घेतली आणि पर्लकोटेच्या पुराने पूल बुडाला. तो दोन दिवस उशिरा आला, तर ते दिवस रजेत धरायचे की बिनपगारी, हे याच रकान्याशेजारी लिहून सही घ्यावी. नाहीतर वाद पगाराच्या दिवशी निघतो.

दुसरा रकाना अर्ज मिळाल्याच्या तारखेचा. संस्थेला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 लागू असेल, तर त्याप्रमाणे अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठते. पंधरा दिवस आधी लेखी मागूनही ती नाकारली, तर 45 वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. म्हणून पोचेची तारीख आणि नकाराचे कारण कागदावर हवे.

आजाराचे नाव मात्र विचारू नये. ‘वैद्यकीय’ एवढे पुरे. घरी रेंज नसेल, तर निरोप पोहोचवणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर घ्यावा. अर्जाची एक प्रत कर्मचाऱ्याला द्याच.