दीड मिनिटात भरवा वर्ग!

‘माय सेल्फ अमुक तमुक, आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल…’ व्हिडिओ रेझ्युमे असा सुरू झाला की बघणाऱ्याचं बोट आपोआप पुढच्या फाइलकडे जातं. कारण हे सगळं तुमच्या कागदावरच्या बायोडेटात आधीच लिहिलेलं असतं. तोच बायोडेटा कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायचा असेल, तर व्हिडिओ हवाच कशाला?

कागदावर जे दिसू शकत नाही, ते दाखवायला व्हिडिओ असतो. शिक्षकाच्या बाबतीत ते म्हणजे त्याचं शिकवणं. म्हणून आज एकच उदाहरण धरू. बीएड झालेली एक मुलगी खासगी शाळेत सहावी ते आठवीच्या गणित शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करतेय. पवित्र पोर्टलच्या भरतीत शिक्षक अभियोग्यता चाचणीचे गुण मोजले जातात, तिथे व्हिडिओचा उपयोग नाही. पण खासगी शाळा, क्लासेस आणि ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्या अशा ठिकाणी तो नक्की बघितला जाऊ शकतो.

कॅमेरा लावण्याआधी कागद-पेन घ्या. बीएडवाल्यांना पाठ टाचण काढायची सवय असतेच, हे तसंच समजा. कागदाचे दोन उभे रकाने करा. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. डावा रकाना पूर्ण रिकामा राहिला, तर समजा की तुम्ही भाषण लिहिलंय.

आता लांबी. दीड मिनिट पुरे. स्वतःचा वेग मोजायला फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा, वर्गात बोलता तसं मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. समजा 110 आले, तर दीड मिनिटात 165 बसतात. त्यातले पंचवीस-तीस काढून टाका. हातातली वस्तू दाखवायला, श्वास घ्यायला जागा लागते. ती ठेवली नाही तर शेवटी धावपळ होते आणि ती ऐकू येते.

स्क्रिप्टचे चार भाग करा. पहिले दहा सेकंद ओळखीचे:

‘नमस्कार, मी ——. बीएस्सी गणित, बीएड. तुमच्या शाळेत सहावी ते आठवीच्या गणित शिक्षिकेच्या जागेसाठी मी अर्ज केलाय.’

बस्स. जन्मगाव, छंद, आईवडील काय करतात, हे काहीच नको. ‘सदर पदाकरिता इच्छुक आहे’ हेही नको. ते अर्जात शोभतं, तोंडात नाही.

दुसरा भाग चाळीस सेकंदांचा आणि सगळ्यात महत्त्वाचा. इथे शिकवण्याबद्दल बोलायचं नाही, शिकवायचं. अख्खा धडा घेऊ नका. मुलं जिथे हमखास अडतात अशी एकच जागा घ्या:

‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बरीच मुलं म्हणतात, एक चतुर्थांश, कारण चार तीनपेक्षा मोठा. मी लगेच चूक म्हणत नाही. या दोन सारख्या भाकऱ्या. ही तिघांत वाटली, ही चौघांत. आता सांगा, तुम्ही कुठल्या घरी जेवायला बसाल? भाकरी तेवढीच, खाणारे वाढले की वाटा लहान. हे मुलांनी स्वतः म्हटलं, की मग मी फळ्यावर छेद लिहिते.’

डाव्या रकान्यात काय येईल? भाकऱ्या म्हणून पुठ्ठ्याची दोन गोल वर्तुळं, एक पिवळं, एक निळं. ‘जेवायला बसाल’ म्हणताना दोन्हींचा एकेक तुकडा शेजारी-शेजारी धरायचा आणि दोन सेकंद गप्प राहायचं. वर्तुळं अगदी एकाच मापाची हवीत. माप वेगळं असेल तर तुलनाच चुकते आणि बघणारा गणिताचा शिक्षक ते लगेच पकडतो. चार भाग घड्या घालून होतात. तीनसाठी मात्र कोनमापकाने 120 अंशांच्या खुणा करून कापा. अंदाजे कापलेला तुकडा कॅमेऱ्यात पटकन लक्षात येतो.

तिसरा भाग पुराव्याचा, वीस-पंचवीस सेकंद. ‘मुलांना माझं शिकवणं आवडतं’ हे कुणीही म्हणू शकतं. त्याऐवजी असं:

‘इंटर्नशिपमध्ये सहावीच्या 42 मुलांना मी अपूर्णांक शिकवले. आधी हाच प्रश्न विचारला, तेव्हा 11 उत्तरं बरोबर आली. सहा तासिकांनंतर 33. उरलेल्या नऊ जणांसोबत मी संख्यारेषेपासून पुन्हा सुरुवात केली.’

हे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे खरे घाला. आकडा नसेल तर एका विद्यार्थ्याची अडचण आणि तुम्ही काय केलंत, एवढं सांगा. फुगवू मात्र नका. मुलाखतीत पुढचा प्रश्न हमखास त्यावरच येतो. शेवटचं नऊ जणांचं वाक्यही काढू नका. सगळं जमलं असं म्हणणाऱ्यापेक्षा, ज्यांना जमलं नाही त्यांचं काय केलं हे सांगणारी शिक्षिका जास्त खरी वाटते. एक पथ्य पाळा. वर्गातल्या मुलांचे चेहरे किंवा नावं व्हिडिओत आणू नका. पालकांची परवानगी नसताना तसं केलंत, तर तुमच्या समजेवरच शंका घेतली जाईल.

चौथा भाग पंधरा सेकंदांचा आणि फक्त त्याच शाळेसाठी:

‘तुमच्याकडे आठवीपर्यंत सेमी इंग्लिश आहे. गणितातल्या संज्ञा मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शिकवते. प्रत्यक्ष वर्गात पाठ घेऊन दाखवायला मला आवडेल. धन्यवाद.’

म्हणजे शाळा बदलली की पहिला आणि चौथा भाग बदलणार, मधले दोन तसेच राहणार. म्हणून चारही भाग वेगवेगळे शूट करा आणि नंतर जोडा. पाच शाळांना अर्ज करायचा असेल, तर पुठ्ठ्याची वर्तुळं पाचदा कापावी लागणार नाहीत.

सेल्सच्या नोकरीसाठी साचा हाच. फक्त दुसऱ्या भागात अपूर्णांकाऐवजी गिऱ्हाइकाचा एक नकार येतो. समजा, दुकानदार म्हणतो, ‘तुमचा माल महाग आहे.’ त्याला तुम्ही काय उत्तर देता, ते कॅमेऱ्यासमोर देऊन दाखवा. ‘माझं कम्युनिकेशन चांगलं आहे’ हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

स्क्रिप्ट झाली की ती घोकू नका. शब्दन् शब्द पाठ केला की एक शब्द विसरल्यावर पुढचं सगळंच अडतं. आणि बघून वाचलं तर डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा. बाकी प्रत्येक भागाचे तीन-चार शब्द मोठ्या अक्षरात लिहून कागद लेन्सच्या अगदी खाली चिकटवा.

पाठवण्याआधी दोन चाचण्या घ्या. आधी आवाज बंद करून बघा. ही व्यक्ती शिकवतेय, हे कळतंय का? कळत नसेल तर डावा रकाना पुन्हा लिहा. मग गणिताशी संबंध नसलेल्या कुणाला तरी एकदाच दाखवा आणि विचारा, ‘एक तृतीयांश मोठा का?’ त्यांनी स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितलं, तर स्क्रिप्ट जमली. ‘छान बोललीस गं’ एवढंच म्हणाले, तर दुसरा भाग परत लिहायला घ्या.